लिमिट आली नाही म्हणजे नेमकं काय झालं?

पीएलसीने, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या कंट्रोलरने, व्हॉल्व्ह उघडायला सांगितला म्हणजे तो उघडला असं होत नाही. पीएलसीच्या हातात फक्त एक आउटपुट असतो. तो चालू झाला की सोलेनॉइडला २४ व्होल्ट मिळतात, सोलेनॉइड हवेची वाट मोकळी करतो, हवा ॲक्च्युएटरमध्ये शिरते आणि दांडा नव्वद अंश फिरतो. या साखळीत वायर, कॉइल, हवा, स्प्रिंग आणि बॉल असे पाच-सहा दुवे आहेत आणि त्यातला कोणताही तुटू शकतो. म्हणून व्हॉल्व्हच्या डोक्यावर एक डबी बसवतात. तिच्यात दोन स्विच असतात, एक पूर्ण उघडल्यावर लागणारा आणि दुसरा पूर्ण बंद झाल्यावर लागणारा. स्काडाच्या, म्हणजे ऑपरेटर ज्यावरून प्लांट बघतो त्या, पडद्यावर त्यांची नावं बहुधा ZSO आणि ZSC अशी दिसतात. प्लांटमध्ये सगळे त्यांना नुसतं ‘ओपन लिमिट’ आणि ‘क्लोज लिमिट’ म्हणतात.

ठाणे-बेलापूर रोडच्या औद्योगिक पट्ट्यात, रबाळे-महापेच्या केमिकल प्लांटमध्ये असे शेकडो व्हॉल्व्ह आहेत. त्यांच्यावरचा सगळ्यात नेहमीचा अलार्म म्हणजे ‘फेल टू ओपन’ नाहीतर ‘फेल टू क्लोज’. हा अलार्म आला की कोणीतरी रिसेट दाबतं, व्हॉल्व्ह चालतो आणि विषय तिथेच संपतो. खरं तर तो अलार्म येतो त्या क्षणी दोन लिमिटा बरंच काही सांगत असतात. ते वाचायचं कसं, हे इथे एका व्हॉल्व्हवरून बघू.

दोन स्विच, चार अवस्था

स्विच दोन असले तरी त्यांच्या जोड्या चार होतात. फक्त ओपन लिमिट लागली आहे, फक्त क्लोज लिमिट लागली आहे, दोन्ही नाहीत, किंवा दोन्ही एकदम लागल्या आहेत. पहिल्या दोन सरळ आहेत. तिसरीचा अर्थ व्हॉल्व्ह वाटेत आहे. ट्रान्स-हार्बरची लोकल ऐरोलीहून सुटली आणि अजून रबाळ्याला लागलेली नाही, तसंच हे. गाडी दोन्ही फलाटांवर नसणं यात गैर काहीच नाही, फक्त ती फार वेळ तशी राहता कामा नये. चौथी अवस्था मात्र शक्यच नसते. एक गाडी दोन फलाटांवर उभी राहू शकत नाही. दोन्ही लिमिटा एकदम दिसल्या की व्हॉल्व्हचा विचार बाजूला ठेवायचा आणि डबी उघडायची. आत एकतर पाणी शिरून टर्मिनल शॉर्ट झालेली असतात, नाहीतर दांड्याबरोबर फिरून स्विच लावणारा कॅम जागचा हललेला असतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पहिलंच कारण जास्त. केबल वरून खाली येत सरळ ग्लँडमध्ये घुसवलेली असली की पावसाचं पाणी केबल धरून आत उतरतं. केबलला ग्लँडच्या खाली झोळ देऊन मग वर वळवली तर पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. काम दोन मिनिटांचं असतं, पण उभारणीच्या घाईत तेच राहून जातं.

तिसऱ्या अवस्थेत एक गोम आहे. हे स्विच बहुतेक ठिकाणी जागा गाठली की जोडले जातील असे वायर केलेले असतात. त्यामुळे वायर तुटली, फ्यूज गेला किंवा स्विच मेला तरी पीएलसीला ‘लिमिट नाही’ एवढंच दिसतं. म्हणजे ‘व्हॉल्व्ह अर्ध्यात अडकला’ आणि ‘व्हॉल्व्ह पोहोचला पण स्विच बोलला नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी पडद्यावर सारख्याच दिसतात. जागेवर जाऊन डबीवरचा फिरणारा दर्शक बघितला की फरक कळतो. तो थेट दांड्याला जोडलेला असतो, त्याला वीज लागत नाही.

याच कारणाने प्रोग्राममध्ये ‘क्लोज लिमिट नाही, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा आहे’ असं लिहिणं मला अजिबात पटत नाही. एक इनपुट वाचवायला काही जण एकच लिमिट लावतात आणि दुसरी उलटी करून वापरतात. मग दांडा पाच अंश हलला तरी पडद्यावर व्हॉल्व्ह हिरवा होतो आणि पंप सुरू होतो. पंपापुढे वाट जवळजवळ बंदच असते.

घड्याळ कशाला

नुसत्या लिमिटा पुरत नाहीत, कारण ‘वाटेत आहे’ ही अवस्था चांगली की वाईट हे वेळेवरच ठरतं. कमांड बदलली की टायमर सुरू करायचा. ठरलेल्या वेळेत नवी लिमिट आली आणि जुनी सुटली तर ठीक, नाही तर फॉल्ट. या वेळेला ट्रॅव्हल टाइम म्हणतात आणि सगळी गंमत तो किती ठेवायचा यात आहे.

उदाहरणाला एक व्हॉल्व्ह घेऊ. सॉल्व्हंटच्या डे टँकमधून रिॲक्टरमध्ये जाणाऱ्या लाइनवर तीन इंची बॉल व्हॉल्व्ह आहे, टॅग XV-204. हवेने उघडतो, स्प्रिंगने बंद होतो, म्हणजे हवा किंवा वीज गेली तर आपोआप बंद. व्हॉल्व्ह नीट असताना उघडायला साधारण २.४ सेकंद घेतो आणि बंद व्हायला ३.४. दोन्ही दिशांचे वेळ सारखे नसतात, कारण एका बाजूने हवा ढकलते आणि दुसऱ्या बाजूने स्प्रिंग. म्हणून टायमरही दोन हवेत. एकच टायमर ठेवला तर तो हळू दिशेला धरून ठेवावा लागतो आणि वेगवान दिशेचा बिघाड त्याच्या आड लपतो.

टायमरची खालची मर्यादा व्हॉल्व्ह ठरवतो. लाइनमध्ये प्रत्यक्ष प्रेशर असताना आणि एअर हेडरचं, म्हणजे अनेक व्हॉल्व्हना हवा पुरवणाऱ्या मुख्य पाइपचं, प्रेशर रोजच्या वापरात जितकं खाली जातं तितकं असताना वेळ मोजायचा. रिकाम्या लाइनवर कमिशनिंगच्या दिवशी मोजलेला वेळ नेहमी कमी भरतो. मोजलेल्या वेळेच्या दीडपट ते दुप्पट धरला की उगाच येणारे अलार्म थांबतात. इथे उघडण्यासाठी ५ सेकंद आणि बंद होण्यासाठी ७ सेकंद ठेवले आहेत.

वरची मर्यादा मात्र प्रोसेस ठरवते, आणि ती कोणी विचारतच नाही. या लाइनचा फ्लो ताशी ६ घनमीटर आहे. म्हणजे मिनिटाला १०० लिटर, सेकंदाला सुमारे १.७ लिटर. बंद करायची कमांड गेली आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडाच राहिला, तर फॉल्ट येऊन पंप थांबेपर्यंत सगळा माल रिॲक्टरमध्ये जात राहतो. ७ सेकंदांत जेमतेम १२ लिटर. समजा रेसिपीत १५ लिटरपर्यंत जास्तीचं चालतं. मग टायमर ९ सेकंदांच्या पुढे नेता येणार नाही. ३० सेकंद ठेवला तर ५० लिटर जादा जातील आणि तोवर अलार्मही वाजलेला नसेल. खालची मर्यादा वरच्या मर्यादेपेक्षा मोठी निघाली तर टायमरशी खेळून उपयोग नाही. तिथे वेगवान ॲक्च्युएटर लागेल किंवा पंप आधी थांबवावा लागेल.

एका ऑगस्टमधला XV-204

आता हाच व्हॉल्व्ह पावसाळ्यात. सकाळच्या शिफ्टला ‘फेल टू क्लोज’ आला. ऑपरेटरने रिसेट केलं, पुढची बॅच नीट गेली, त्यापुढच्या बॅचला परत तोच अलार्म. टेक्निशियन जागेवर जाऊन आला आणि त्याने सांगितलं, “साहेब, व्हॉल्व्ह व्यवस्थित बंद होतोय, मी समोर उभं राहून बघितलं. थोडा स्लो आहे एवढंच. टायमर पंधरा करा ना, कटकट जाईल.”

त्याचं बघणं बरोबर होतं. पंधरा सेकंद म्हणजे व्हॉल्व्ह खरोखर अडकला त्या दिवशी २५ लिटर जादा, हा हिशेब मात्र त्याच्यासमोर नव्हता. टायमरला हात न लावता आधी लॉग काढला. पीएलसी प्रत्येक वेळी लागलेला वेळ साठवत असेल तर हे काम सोपं होतं. नसेल तर स्काडाच्या इव्हेंट लिस्टमधून कमांडची आणि लिमिटांची वेळ वजा करून काढावी लागते. त्या लिस्टचे सेकंद थोडे इकडेतिकडे असतात, पण कल कळायला तेवढं पुरतं.

बंद व्हायचा वेळ काही आठवड्यांत ३.४ वरून ४.१, मग ५ च्या पुढे, ६ च्या पुढे आणि शेवटी ७ पार, असा चढत गेला होता. उघडायचा वेळ मात्र २.४ च्या आसपासच होता. एवढ्यावरूनच अर्धा तपास होतो. हेडरचं प्रेशर कमी पडलं असतं तर उघडायला वेळ लागला असता, आणि एका नव्हे तर त्या हेडरवरच्या सगळ्याच व्हॉल्व्हना. स्पिंडलचं पॅकिंग जास्त आवळलं गेलं असतं तर दोन्ही दिशांना व्हॉल्व्ह जड झाला असता. फक्त बंद होतानाच जड, म्हणजे एकतर स्प्रिंग तुटली, किंवा बॉलच्या सीटवर काही अडकतंय, किंवा हवा बाहेर पडायला अडचण आहे.

या तिघांत निवड करायला जुनी लिमिट किती वेळाने सुटली ते बघायचं. पूर्वी बंद करायची कमांड गेल्यावर ओपन लिमिट साधारण ०.६ सेकंदात सुटायची. आता ती सुटायलाच १.९ सेकंद लागत होते. म्हणजे व्हॉल्व्ह शेवटाला अडखळत नव्हता, निघतानाच रेंगाळत होता. सीटवर कचरा असता तर व्हॉल्व्ह वेळेवर निघाला असता आणि शेवटच्या टप्प्यात अडला असता. स्प्रिंग तुटली असती तर ती एका दिवसात तुटते, वेळ असा हळूहळू चढत नाही. उरलं हवेचं बाहेर पडणं.

सोलेनॉइडच्या एक्झॉस्टला पितळी सायलेन्सर असतो, छोट्या छोट्या गोळ्या वितळवून चिकटवल्यासारखा सच्छिद्र. हवेतलं पाणी, कॉम्प्रेसरचं तेल आणि पाइपातला गंज त्यात साचत जातो. पावसाळ्यात एअर ड्रायर नीट चालत नसेल तर हा चिखल भराभर होतो. या व्हॉल्व्हचा सोलेनॉइड वेगळा बसवून नळीने जोडलेला होता, आणि ॲक्च्युएटरची स्प्रिंगची बाजू स्वतंत्र भोकातून श्वास घेत होती. म्हणून सायलेन्सर चोक झाल्याचा परिणाम फक्त बंद होण्यावर झाला. सोलेनॉइड थेट ॲक्च्युएटरच्या अंगावर बसवलेला असेल तर बऱ्याचदा दोन्ही बाजूंची हवा त्याच्यातूनच जाते आणि तेव्हा दोन्ही वेळ वाढू शकतात. हा फरक ठाऊक नसला तर तपास भलतीकडे जातो.

बॅच संपल्यावर लाइन आयसोलेट करून सायलेन्सर काढला आणि व्हॉल्व्ह चालवून बघितला. बंद व्हायला ३.४ सेकंद, अगदी पहिल्यासारखा. नवा सायलेन्सर लावला. जुना काढून भोक तसंच उघडं ठेवायचा मोह होतो, पण कुंभारमाशी अशाच जागा शोधत असते. तिने आत मातीचं घर केलं की व्हॉल्व्ह बंदच होत नाही आणि कारण सापडायला दिवस जातो.

फॉल्ट आला त्या क्षणीचं चित्र

वरचा तपास झाला तो लॉग होता म्हणून. पुष्कळ प्रोग्राममध्ये फॉल्टचा एकच बिट असतो आणि तो उशिरा पोहोचणाऱ्या माणसाला काहीच सांगत नाही. ‘फेल टू ओपन’चंच बघा. फॉल्ट आला की प्रोग्राम आउटपुट काढून घेतो आणि ते बरोबरच आहे. मग स्प्रिंग व्हॉल्व्हला बंद करते, क्लोज लिमिट लागते. पाच मिनिटांनी इंजिनिअर पडद्यासमोर येतो तेव्हा त्याला बंद, सरळ, निरोगी व्हॉल्व्ह दिसतो. फॉल्टच्या वेळी तो मुळीच हलला नव्हता की तीन चतुर्थांश उघडून थांबला होता, हा पुरावा आउटपुट सुटताच गेला. म्हणून आधी दोन्ही लिमिटांचा फोटो काढून ठेवायचा आणि मग आउटपुट सोडायचा. पीएलसीच्या स्ट्रक्चर्ड टेक्स्ट भाषेत हे इतकंच आहे:

```
tOpen (IN := bSol     AND NOT (bZSO AND NOT bZSC), PT := T#5S);
tClose(IN := NOT bSol AND NOT (bZSC AND NOT bZSO), PT := T#7S);

IF (tOpen.Q OR tClose.Q) AND NOT bFault THEN
    bFault   := TRUE;
    bSnapSol := bSol;
    bSnapZSO := bZSO;
    bSnapZSC := bZSC;
END_IF;

IF bReset AND NOT bCmd AND bZSC AND NOT bZSO THEN
    bFault := FALSE;
END_IF;

bSol := bCmd AND NOT bFault;
```

इथे टायमर कमांडवर, म्हणजे `bCmd` वर नाही, प्रत्यक्ष आउटपुटवर, म्हणजे `bSol` वर चालतात. नवी लिमिट येणं पुरेसं नाही, जुनी सुटलेलीही हवी, म्हणून दोन्ही लिमिटा एकदम लागल्या तरी हाच टायमर ते पकडतो. आणि व्हॉल्व्ह व्यवस्थित उघडल्यावर तासाभराने ओपन लिमिट गेली, तरी तोच टायमर पुन्हा मोजायला लागतो. हवेची नळी निसटून व्हॉल्व्ह आपोआप मिटू लागला की असंच होतं. लिमिट क्षणभर थरथरली तर फॉल्ट येत नाही, पाच सेकंद गेलेलीच राहिली तर येतो. चालू बॅचमध्ये पाच सेकंद जास्त वाटत असतील तर त्यासाठी एक-दोन सेकंदांचा वेगळा टायमर ठेवावा.

`bFault` रिसेटशिवाय सुटत नाही, आणि रिसेटसाठी कमांड काढलेली असावी लागते, व्हॉल्व्ह बंद जागेवर असावा लागतो. हे लॅच नसेल तर फॉल्ट येतो, व्हॉल्व्ह मिटतो, फॉल्ट आपोआप जातो, कमांड अजून तशीच असते आणि व्हॉल्व्ह पुन्हा उघडायला निघतो. दर काही सेकंदांनी तो असा धडपडत राहतो. रात्रपाळीत हे घडलं तर सकाळपर्यंत अलार्मची यादी भरून वाहत असते.

मग फोटो वाचायचा. उघडताना फॉल्ट आला आणि क्लोज लिमिट अजून लागलेलीच आहे, म्हणजे व्हॉल्व्ह जागचा हललाच नाही. कॉइल, फ्यूज, हवेचा कॉक बघा. दोन्ही लिमिटा नाहीत, म्हणजे निघाला पण पोहोचला नाही, किंवा पोहोचला आणि स्विच गप्प राहिला. अशा वेळी फ्लोमीटर मदतीला येतो. फ्लो नेहमीइतका आला असेल तर संशय स्विचवर घ्यायचा. दोन्ही लिमिटा लागलेल्या असतील तर वर सांगितल्याप्रमाणे पाना घेऊन थेट डबीकडे.

‘फेल टू क्लोज’ मात्र वेगळ्या जातीचा फॉल्ट आहे. उघडताना अडला तर आउटपुट काढून व्हॉल्व्हला सुरक्षित जागी पाठवता येतं. बंद होताना अडला तेव्हा आउटपुट आधीच काढलेला असतो, व्हॉल्व्हला सांगण्यासारखं पीएलसीकडे काही उरत नाही. तिथे फॉल्टने दुसऱ्या कशावर तरी काम केलं पाहिजे: पंप थांबवा, वरचा दुसरा व्हॉल्व्ह बंद करा. फक्त अलार्म वाजवून सोडून दिलेला ‘फेल टू क्लोज’ मी बऱ्याच प्लांटमध्ये बघितला आहे. तसं असेल तर वर काढलेल्या १२ लिटरच्या हिशेबाला काही अर्थ राहत नाही, कारण सात सेकंदांनंतरही पंप चालूच असतो.

डबीला जे दिसत नाही

लिमिट स्विचची डबी ॲक्च्युएटरच्या दांड्यावर बसते, बॉलवर नाही. ॲक्च्युएटर आणि व्हॉल्व्हच्या मधलं कपलिंग घसरलं किंवा बॉलच्या खाचेतला स्टेम पिळला गेला, तर दांडा नव्वद अंश फिरतो, लिमिट वेळेत येते, दर्शकही फिरतो, आणि बॉल असतो तिथेच असतो. टायमर हे कधीच पकडू शकत नाही. उलट दांड्यावरचं ओझं गेल्यामुळे ट्रॅव्हल टाइम पूर्वीपेक्षा कमी भरतो. वेळ वाढल्याचा अलार्म सगळे ठेवतात, अचानक कमी झाल्याचा जवळपास कोणीच ठेवत नाही. लॉग साठवतच असाल तर ही तुलना फुकटात मिळते.

कॅमचंही तेच. क्लोज लिमिट लागावी म्हणून घाईत कॅम थोडा अलीकडे फिरवून ठेवतात, मग बॉल पाच-सात अंश उघडा असतानाच पडद्यावर ‘बंद’ येतं. ट्रॅव्हल टाइम यातही किंचित कमीच दिसेल आणि सगळ्यांना बरं वाटेल. मेंटेनन्सनंतर व्हॉल्व्ह परत लाइनवर घेताना क्लोज लिमिट आल्यावर लगेच पुढे जाऊ नये. व्हॉल्व्ह बंद असताना वरच्या टँकची लेव्हल दहा-पंधरा मिनिटं स्थिर राहते का, ते ट्रेंडवर बघावं. रेष उतरत असेल तर कॅम, कपलिंग किंवा सीट या तिघांपैकी एकाचं काम अजून बाकी आहे.